पोर्क बेली: कातडी फुलली, आता मधल्या खोलगट भागावर काम

पोर्क बेली म्हणजे डुकराच्या पोटाकडचं मांस, आणि मला त्याची कातडी भाजून फुललेली, कुरकुरीत हवी असते. या वेळचा तुकडा दीड किलोचा, कातडीसकट, चरबीचे थर छान जाड. मांसाच्या बाजूला १८ ग्रॅम मीठ चोळलं. कातडी टिश्यूने कोरडी केली, तिच्यावर वेगळं मीठ पसरलं आणि तुकडा जाळीवर ठेवून, काहीही न झाकता, फ्रीजमध्ये ठेवला. काही तासांत कातडीवर पाण्याचे थेंब येतात. ते पुसून पुन्हा उघडंच ठेवायचं. दुसऱ्या दिवशी कातडी किंचित पिवळसर, पारदर्शक दिसू लागली आणि नखाने टिचकी मारली की टकटक वाजली. टिश्यू दाबून धरला तरी तो ओला होत नाही, म्हणजे ओव्हनसाठी तयार.

कोरडेपणावर माझा इतका भर का? कातडीवर पाणी आहे तोवर ओव्हनची उष्णता ते उडवण्यातच जाते आणि पृष्ठभाग १०० अंशांच्या पुढे सरकत नाही. पृष्ठभाग कोरडा असेल तर तो झटकन तापतो आणि आतला थोडा ओलावा वाफ होऊन कातडीला फुगवतो. म्हणून सुरुवातीलाच २४० अंश, फॅन मोडवर, अर्धा तास. विसाव्या मिनिटाच्या आसपास कडेने बुडबुडे उठायला लागले आणि हळूहळू मध्याकडे सरकले.

मध्यावर मात्र तळहाताएवढा भाग सपाट आणि चिवट राहिला. तुकडा शिजताना आक्रसतो, मध्ये खळगा पडतो आणि सुटलेली चरबी तिथे साचते. त्या डबक्याखालची कातडी फुलत नाही. मी तुकड्याखाली फॉइलचा चुरगळलेला गोळा सरकवला, मध्य वर आला, चरबी कडेने ओघळून गेली. मग आणखी दहा मिनिटं त्याच आचेवर ठेवल्यावर तो भागही बऱ्यापैकी फुलला. पुढच्या वेळी हा गोळा सुरुवातीपासूनच ठेवणार.

त्यानंतर १६० अंशांवर पावणेदोन तास. हा टप्पा मांसासाठी, चरबी वितळायला आणि धागे मऊ व्हायला. आतलं तापमान ९२ अंश झालं आणि सुरी लोण्यात शिरावी तशी गेली. या काळात वरून रस घालायचा नाही, फॉइलही झाकायची नाही. वाफ कोंडली की कातडी पुन्हा मऊ पडते. बाहेर काढल्यावरही वीस मिनिटं उघडंच ठेवलं.

कापताना तुकडा उलटा ठेवायचा. मांसाकडून सुरी घालत आलं की शेवटी कातडीवर एकच जोर देता येतो आणि ती चुरा न होता सरळ तुटते.

या वेळी चिरा दिल्या होत्या, पण फक्त कातडीपुरत्या. एका कोपऱ्यात मात्र चीर मांसापर्यंत गेली होती. तिथे रस उकळून वर आला आणि त्या फटीच्या दोन्ही काठांची कातडी कुरकुरीत झालीच नाही. आता अर्ध्या तुकड्याला चिरा देऊन आणि उरलेल्या अर्ध्याला बारीक टोचे मारून शेजारी शेजारी भाजून बघायचं आहे.