कोटेशनमधलं आठ फुटी स्ट्रक्चर

मिरजेतल्या एका बंगल्याच्या गच्चीवर फेब्रुवारीतल्या निरभ्र दिवशी मी सोलर तपासायला गेलो. बोलावणारे काका बँकेतून निवृत्त झालेले, त्यामुळे कागद एकदम शिस्तीत: कोटेशन, वर्क ऑर्डर, वर्षभराची वीजबिलं, सगळं तारखेनुसार लावलेलं. कोटेशनच्या दुसऱ्या पानावरच्या एका ओळीखाली पेन्सिलने दोन रेघा होत्या. "5.4 किलोवॅट, किमान वार्षिक निर्मिती 7200 युनिट." काकांचा आरोप असा की वर्षात मिळाले जेमतेम 2900. "निम्मीसुद्धा नाही. पैसे परत मागायचे की कोर्टात जायचं, तेवढं सांगा."

माझं काम फक्त मोजण्याचं. मी सोलर विकत नाही, बसवत नाही. त्या दिवशी दुपारी दोनला व्हेंडरचे मालकही येणार होते, म्हणून मी सकाळीच गच्चीवर गेलो.

पहिली दुरुस्ती काकांच्याच आकड्यात करावी लागली. 2900 हा आकडा त्यांनी बिलावरून घेतला होता, आणि बिलात दिसतात ते महावितरणला परत पाठवलेले युनिट. दिवसा फ्रीज, पाण्याची मोटार, काकूंची मिक्सर-इस्त्री यांनी जे थेट वापरलं ते नेट मीटरपर्यंत पोचतच नाही. खरी निर्मिती इन्व्हर्टरच्या पडद्यावर `E-Total` मध्ये असते. तिथे वर्षाचे 4600 युनिट होते. काका जरा हिरमुसले, पण 2900 घेऊन भांडायला गेले असते तर समोरच्याने पहिल्या पाच मिनिटांतच तो आकडा खोडला असता, आणि मग बाकीच्या बोलण्याला काही किंमत राहिली नसती. तूट 2600 युनिटची होती, आणि तीही छोटी नव्हे.

मग 7200 हे आश्वासनच फुगवलेलं होतं का? आपल्या भागात नीट बसवलेला एक किलोवॅट वर्षाला साधारण 1400 ते 1500 युनिट देतो. 5.4 किलोवॅटचे 7500 च्या पुढे होतात. म्हणजे कोटेशन उलट थोडं हात राखूनच लिहिलेलं होतं. कागद बरोबर होता, चूक गच्चीवर शोधायची होती.

सकाळी काहीच दोष दिसेना. अकराच्या सुमारास पॅनलच्या कलात सोलर मीटर धरला, 850 वॅट प्रति चौरस मीटर दिसले, आणि इन्व्हर्टर 3.6 किलोवॅट देत होता. उष्णता, धूळ आणि वायरमधला तोटा धरला तर एवढंच यायला हवं. पॅनल निकृष्ट आहेत ही काकांची शंका तिथेच गळून पडली. सिरीयल नंबरही कोटेशनमधल्या कंपनीचेच निघाले.

पावणेबाराला पहिली खूण मिळाली. लखलखीत ऊन असताना इन्व्हर्टर अचानक शून्यावर गेला आणि पडद्यावर `Grid Over Voltage` आलं. थोड्या वेळाने आपोआप चालू झाला, वर चढला, पुन्हा पडला. ॲपमध्ये मागच्या मार्चपासूनचे दिवस उघडले, तर स्वच्छ उन्हाच्या कित्येक दुपारी असाच करवतीच्या दात्यांसारखा आलेख. ढगाळ दिवशी मात्र तो सलग! बहुतेक लोक ढगाळ दिवसाकडे बघून कुरकुरतात, इथे खरी चोरी भर उन्हात होत होती.

कारण शोधायला दोन ठिकाणी व्होल्टेज मोजलं. खाली मीटरपाशी 246, त्याच वेळी गच्चीवर इन्व्हर्टरच्या टोकाला 253. मधले सात व्होल्ट कुठे गेले? इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंत साधारण 35 मीटर केबल होती. वीज बाहेर ढकलायची तर इन्व्हर्टरला स्वतःचं व्होल्टेज लाइनच्या वर न्यावं लागतं, आणि केबल जितकी बारीक तितकं जास्त वर. केबलच्या आवरणावर छापलेलं वाचलं: 4 चौरस मिलिमीटर. कोटेशनमध्ये लिहिलेलं होतं 10. चारची केबल 20 अँपिअरला जळणार नाही, म्हणून बसवणाऱ्याला काही चुकल्यासारखं वाटलं नसावं. पण दहाच्या केबलमध्ये हीच चढ तीन व्होल्टच्या आत राहिली असती.

त्यात भर म्हणजे इन्व्हर्टरची वरची मर्यादाही 253 वरच ठेवलेली होती. बसवताना देश निवडायचा असतो, तिथे भारताऐवजी दुसरंच काहीतरी निवडून ठेवलं होतं. आपल्याकडे 240 व्होल्टला सहा टक्के वर, म्हणजे 254 पर्यंतचा पुरवठा नियमात बसतो, आणि इन्व्हर्टरने सुटायचं ते 110 टक्क्यांना, 264 च्या पुढे. म्हणजे लाइन नियमात असतानाही हे यंत्र बंद पडत होतं.

मालक अडीचला आले, सोबत त्यांचा तरुण इंजिनिअर. योगायोगाने दुसरी खूण त्यांच्या डोळ्यांसमोरच घडली. जिन्यावरच्या खोलीची सावली तिच्या पूर्वेकडच्या चार पॅनलवर सरकायला लागली. दहाही पॅनल एकाच मालिकेत जोडलेले होते. क्लॅम्प मीटर लावला. त्या उन्हाला सात-आठ अँपिअर यायला हवे होते, सव्वातीनला आले दोन. सावलीत चार, पण खाली आले दहाही. खरं तर पॅनलमधले बायपास डायोड सावलीतला भाग वगळून बाकीच्यांना पूर्ण प्रवाह देऊ शकतात, पण त्यासाठी इन्व्हर्टरने खालच्या व्होल्टेजला जाऊन सर्वात जास्त वीज देणारा नवा बिंदू शोधावा लागतो. तो शोध घेण्याची सोय या यंत्रात होती आणि ती बंद ठेवलेली होती. पॅनलची वेगळी मालिका जोडून तिचा बिंदू स्वतंत्र शोधणारा इन्व्हर्टरचा दुसरा इनपुट, म्हणजे दुसरा एमपीपीटी, रिकामाच पडून होता.

मालक शांतपणे म्हणाले, "सावलीची जबाबदारी आमची नाही. अट क्रमांक सात वाचा."

अट होतीच. "छायामुक्त जागा ग्राहकाने उपलब्ध करून द्यावी." काकांचा चेहरा उतरला. अशा अटी जवळपास प्रत्येक कोटेशनमध्ये असतात आणि तक्रार बहुतेक वेळा तिथेच विझते. पण कोटेशन अटीपासून वाचायचं नसतं, पैशांच्या रकान्यापासून वाचायचं असतं. त्यात स्ट्रक्चरचे दोन पर्याय दिलेले होते. साधं, तीन फुटी, 27,000 रुपये. उंच, आठ फुटी, 52,000. दुसऱ्यावर बरोबरची खूण, आणि एकूण रकमेत 52,000 धरलेले. शेवटच्या पानावर त्यांच्याच सर्व्हेचं रेखाचित्र, त्यात जिन्यावरची खोली उंचीसकट दाखवलेली: नऊ फूट.

मी टेप काढून पॅनलची उंची मोजली. तीन फूट.

साडेतीनला त्या दिवशी सूर्य क्षितिजापासून साधारण 40 अंशांवर होता. नऊ फुटी खोली आणि तीन फुटांवरचे पॅनल यांत फरक सहा फुटांचा, म्हणजे सावली सात फुटांहून लांब. तेच पॅनल आठ फुटांवर असते तर फरक एक फूट, सावली सव्वा फूट. सर्व्हे करणाऱ्याने खोली बघूनच आठ फूट सुचवले होते, त्या भागाने आपलं काम चोख केलं होतं.

"काकाच फोनवर म्हणाले होते, वारा फार येतो, उंच नको," मालकांनी सांगितलं. काका म्हणाले, "मी विचारलं होतं, उडणार नाहीत ना? नको कुठे म्हणालो?" दोघंही खरं बोलत असावेत असं मला वाटलं. मी एवढंच विचारलं, की उंची कमी केल्याने किती युनिट जातील हे काकांना कळवलं होतं का, आणि 25,000 कमी केले होते का. दोन्हींचं उत्तर गच्चीवर कोणाला देता आलं नाही. इंजिनिअर मुलाने मात्र तोवर मुकाट्याने इन्व्हर्टरचा देश बदलला होता.

खाली येऊन हिशोबाला बसलो. ॲपमधल्या पाच-पाच मिनिटांच्या नोंदींवरून मी तूट वाटून दाखवली: सावलीमुळे सुमारे 1500 युनिट, व्होल्टेजच्या ट्रिपमुळे 700. उरलेले 400 व्हेंडरच्या माथी मारता येत नव्हते. लाइट गेली की असा इन्व्हर्टर सुरक्षेसाठी बंद होतो, आणि महिन्यातून दोनदा पॅनल धुण्याची अट काकांकडे होती, जी पावसाळ्यानंतर पाळली गेली नव्हती. हे मी काकांसमोरच बोललो, आणि खरं सांगायचं तर तिथूनच मालक माझं ऐकायला लागले.

2200 युनिट, बिलात वाचणाऱ्या युनिटचा त्यांचा सरासरी दर 11 रुपये, म्हणजे 24,200. स्ट्रक्चरबद्दल मालकांचं म्हणणं होतं की सगळे पॅनल उचलायचे तर पुन्हा पहिल्यापासून काम. त्याची गरजही नव्हती. सावली चारांवरच येत होती. ते चार आठ फुटांवर न्यायचे आणि रिकाम्या एमपीपीटीवर वेगळे जोडायचे. उरलेल्या सहांचे, 25,000 च्या फरकातले 15,000 परत. एकूण 39,200.

मालक दहा हजारांवर अडून बसले. काकांनी तयार ठेवलेलं पत्र पुढे केलं. त्यात धमकी नव्हती. कोटेशनचा क्रमांक आणि तारीख, पान दोनवरची 7200 ची ओळ, स्ट्रक्चरचा रकाना, केबलचा रकाना, आणि आता प्रत्येकापुढे मी लिहून दिलेलं मोजमाप. खाली एवढंच, की 30 दिवसांत दुरुस्ती आणि फरक न मिळाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार. तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, हे बँकवाल्या काकांना माझ्याआधीच ठाऊक होतं. मालकांनी केबलची ओळ दोनदा वाचली. त्याच्याशी वाद घालायला जागा नव्हती, छपाई केबलवरच होती.

ठरलं ते असं: केबल आणि चार पॅनलचं काम त्यांच्या खर्चाने, 25,000 चा चेक काम झाल्यावर, आणि उरलेले 14,200 पुढचं वर्ष संपल्यावर. वर्षात `E-Total` 7000 ने वाढला तर ते काकांनी सोडायचे, नाही वाढला तर मालकांनी द्यायचे. 7200 ऐवजी 7000 का, तर पॅनल पहिल्या वर्षी एक-दोन टक्के उतरतात आणि चार पॅनलवर उशिरा दुपारी सव्वा फूट सावली राहणारच. धुण्याची तारीख काकांनी वहीत लिहायची, कारण ती नसेल तर पुढचा वाद तिथून सुरू होईल.

काम मार्चमध्ये झालं. त्यानंतर मीटरपाशी 246 असताना इन्व्हर्टरच्या टोकाला 249 च्या आत राहिलं आणि दुपारचा आलेख सलग आला. एप्रिलमध्ये काकांनी पाठवलेल्या नोंदीत स्वच्छ दिवसाचे 24 युनिट आहेत. दुसऱ्या चेकचा निकाल पुढच्या मार्चमध्ये लागेल. काका म्हणतात, तो न मिळालेलाच बरा.