जॉइनिंगआधी मॅनेजरला केलेला मेसेज आणि वाट पाहण्यात गेलेले आठ दिवस

चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी इंजिनिअर म्हणून रुजू होऊन मला दीड महिना झाला. ऑफर लेटर, मेडिकल, आधीच्या कंपनीचं रिलीव्हिंग, सगळं वेळेवर झालं. अडलं ते एका मेसेजवर, आणि ते आठ दिवस आठवले की अजून चिडचिड होते.

माझी मुलाखत घेणारे सरच माझे मॅनेजर होणार होते. मुलाखतीत त्यांनी मला फार छान प्रश्न विचारले होते, म्हणून रुजू होण्याआधी त्यांच्याशी दोन शब्द बोलावेत असं मनापासून वाटत होतं. एचआरकडे त्यांचा नंबर मागितला. "गरज नाही मॅडम, सगळं इंडक्शनमध्ये सांगतात." दोन दिवसांनी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच वाक्य. तिसऱ्या वेळी म्हटलं, "सरांना विचारा, त्यांची हरकत नसेल तरच द्या." तासाभरात ईमेल आयडी आला. तुम्हीही थेट नंबर मागू नका, असंच विचारा.

मग मी चांगली चार परिच्छेदांची मेल लिहिली. मी किती उत्सुक आहे, माझा अनुभव काय, तुमच्याकडून काय काय शिकायचंय, आणि शेवटी "पहिल्या आठवड्यासाठी मी काय तयारी करू?" सोमवारी पाठवली. मंगळवार, बुधवार, गुरुवार, काही नाही. रात्री जेवताना ताटाशेजारी फोन. आपण जास्त बोललो का, सरांना आगाऊपणा वाटला का, हेच डोक्यात. शनिवारी एचआरला फोन केला तर त्यांचं तेच, "इंडक्शनमध्ये कळेल." मला राग आला होता. माणूस स्वतःहून तयारी करून यायला बघतोय, तर त्याला अडवायचं कशाला?

रविवारी चुलत भाऊ आला. भोसरीत एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर आहे. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या उभ्या त्याने माझी मेल वाचली आणि म्हणाला, "महिनाअखेर होती, त्यांचं डिस्पॅच चालू असणार. याला उत्तर द्यायचं तर त्यांना बसून विचार करावा लागेल. एका ओळीत उत्तर देता येईल असं काहीतरी विचार ना."

त्याचं पटलं. मंगळवारी सकाळी, शिफ्ट सुरू झाल्यावर, हे पाठवलं:

"नमस्कार सर. येत्या सोळा तारखेला रुजू होतेय, तुमच्या लाइनवर काम करायला मिळणार याचा फार आनंद आहे. मुलाखतीत तुम्ही पीएफएमईए रिव्ह्यूबद्दल बोलला होतात. आधीच्या कंपनीत मी आरपीएन पद्धतीने केलंय. आपल्याकडे आरपीएन वापरतात की एपी? त्याप्रमाणे वाचून येते. पहिल्या दिवशी सोबत काही आणायचं असेल तर सांगा."

वीस मिनिटांत उत्तर: "स्वागत. आपण एपीवर आहोत. तेवढं वाचून या, बुधवारी रिव्ह्यूत बसाल. सेफ्टी शूजचा नंबर कळवा."

पीएफएमईए म्हणजे उत्पादनाच्या प्रत्येक टप्प्यावर काय चुकू शकतं याचा तक्ता. जुन्या पद्धतीत दोषाची तीव्रता, तो घडण्याची शक्यता आणि तो न पकडला जाण्याची शक्यता यांना 1 ते 10 गुण देऊन गुणाकार करायचा, तोच आरपीएन. 2019 मध्ये वाहन उद्योगातल्या एआयएजी आणि व्हीडीए या दोन संघटनांचं एकत्रित हँडबुक आलं आणि त्यात आरपीएनच्या जागी एपी, म्हणजे अॅक्शन प्रायॉरिटी आली. यात गुणाकार नसतो, तिन्ही गुण तक्त्यात बघून हाय, मीडियम किंवा लो ठरवतात. मी वहीत दोन दोष मांडून पाहिले. एकाचे गुण 9, 4, 3 आणि दुसऱ्याचे 3, 6, 6. गुणाकार दोन्हींचा 108, म्हणजे आरपीएनला दोन्ही सारखेच. एपीच्या तक्त्यात मात्र पहिला हाय निघतो आणि दुसरा लो, कारण तिथे तीव्रतेला पहिलं स्थान आहे. हे न वाचता गेले असते तर बुधवारी मी सवयीने गुणाकारच करत बसले असते.

एक राहिलं. कंट्रोल प्लॅन, ड्रॉइंग, ग्राहकाच्या तक्रारी असलं काही आधी पाठवा म्हणू नका. रुजू होण्यापूर्वी ते बाहेर देता येत नाही, आणि मागितलं तर मॅनेजरची अडचण होते. कोणती पद्धत वापरता, एवढं विचारायला हरकत नसते. पीएफ, पगाराची तारीख, बसचा रूट हे एचआरचं काम, ते या मेसेजात घालू नका. आणि मेसेज जॉइनिंगच्या आठ-दहा दिवस आधी जाऊ द्या. महिनाभर आधी विचारलं तर रिव्ह्यू बुधवारी आहे हे त्यांनाही माहीत नसतं.

बुधवारच्या रिव्ह्यूत बोअरिंगच्या ऑपरेशनवर एक 9 तीव्रतेचा दोष निघाला. सरांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "काय येईल?" मी बाकीचे दोन गुण पाहून "हाय" म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि पुढची ओळ वाचायला घेतली. माझ्या पायात पाच नंबरचे नवे सेफ्टी शूज होते, सोमवारी गेटवर पोहोचले तेव्हाच खोक्यावर माझं नाव लिहून ठेवलेले.