आमची वाटचाल: लावणीच्या आकाराची बाटली

आजोबांची काजू फेणीची भट्टी गोव्यात डिचोलीकडे. तांब्याचं भाण अजून तेच आहे, पण वाफ थंड होऊन ज्या मातीच्या मडक्यात उतरते ती लावणी दर दोन-चार मोसमांनी फुटते. बाटली काढायची ठरली तेव्हा मी हाच आकार धरला: पोट गोल, मान आखूड. लाकडी नमुना मीच तासला. साच्याचे पैसे कर्जाचे.

2009 मध्ये काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं. पुढची सहा-सात वर्षं माल खपत होता, सांगण्यासारखं काही नाही.

बाटली पहिल्यांदा पणजीतल्या एका महोत्सवात मांडली. लोक फोटो काढत होते, मीही फेसबुकवर टाकले. पाच महिन्यांनी कोलकात्याच्या डिझाइन कार्यालयात बाटलीच्या आकाराच्या नोंदणीचा अर्ज केला आणि नोंदणी झालीसुद्धा. पंधरा वर्षं निश्चिंत, असं वाटलं (दहा आणि वाढीव पाच).

तिसऱ्या वर्षी शेजारच्या तालुक्यातल्या एकाने हुबेहूब तीच बाटली बाजारात आणली. नोटीस दिली. त्याने उलट आमची नोंदणीच रद्द करायचा अर्ज केला आणि पुरावा म्हणून जोडला माझाच फेसबुकवरचा फोटो, तारखेसकट. अर्जाच्या आधी जे जगाला दिसलं ते डिझाइन कायद्याला नवीन नाही, मग दाखवणारा मालक स्वतः का असेना. नोंदणी गेली. कर्ज राहिलं.

'फेणी' या शब्दावरूनही त्याला अडवता येईना. मानांकन कुणा एकाच्या मालकीचं नसतं. त्याचा माल खरोखर गोव्याच्या काजूचाच होता, तेव्हा तो शब्द जेवढा माझा तेवढाच त्याचा. बाहेरची दारू फेणी म्हणून विकली असती तर गोष्ट वेगळी.

मग त्याने आमच्या नावातलं एक अक्षर बदलून ट्रेडमार्कचा अर्ज केला. इथे मात्र तो पडला. आमची 1994 पासूनची बिलं होती, आणि ट्रेडमार्कात आधीचा वापर हीच ताकद. ज्या जुनेपणाने बाटली बुडवली, त्यानेच नाव वाचवलं.

म्हणून नव्या पोरांना सांगतो, विचारलं नसलं तरी: अर्ज आधी, फोटो नंतर. साचा करायला द्याल तेव्हा काचवाल्याकडून गुप्ततेचा कागद सही करून घ्या.

आता वकील म्हणतात, आकाराचाही ट्रेडमार्क होतो. तिथे नवेपणा लागत नाही, पण तो आकार बघून गिऱ्हाइकाला आम्हीच आठवतो हे दाखवावं लागतं. नक्कल बाजारात असताना ते सोपं नाही. मडगावचे एक ताव्हेर्नवाले, म्हणजे दारूचं दुकान चालवणारे, भाऊ पहिल्या खोक्यापासूनचे गिऱ्हाईक. त्यांच्याकडे लोक नाव घेतच नाहीत, "ती मडक्याची दे" म्हणतात. त्या भाऊंनी परवा येऊन तसं प्रतिज्ञापत्र करून दिलं. स्टॅम्प पेपरचे पैसेही घेतले नाहीत.