तुम्ही विचारलंत म्हणून

"सर, पूर्वी राजांच्या काळात सगळ्या धर्मांचे लोक खरंच गुण्यागोविंदानं राहायचे का?"

शाळेतल्या भाषणानंतर दरवेळी कुणीतरी हे विचारतंच. मी तेव्हा अकबर-अशोकाकडे जात नाही, आपल्याच मुलखातला कोल्हापूरच्या शिलाहार घराण्यातला राजा गंडरादित्य सांगतो. १११० च्या आसपासचा त्याचा दानलेख आहे. मिरज प्रांतात इरुकुडी गावी त्यानं मोठा तलाव बांधला, नाव दिलं गंडसमुद्र, आणि काठावर तीन मूर्ती बसवल्या, ईश्वर म्हणजे शंकर, बुद्ध आणि अर्हत म्हणजे जैनांचा जिन.

फळ्यावर मी गोल काढतो, काठावर तीन टिंबं देतो आणि पोरांना विचारतो, आता राजानं पुढं काय केलं असेल? कुणी म्हणतं पूजा, कुणी जत्रा. लेखात आहे ते वेगळंच, तिघांच्याही खर्चासाठी त्यानं एकेक जमीन तोडून दिली. मला सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं, कारण देवळाचा दिवा, नैवेद्य, पुजाऱ्याचं पोट सगळं जमिनीच्या उत्पन्नावर चालायचं, आणि एकाच शेताचं पीक तिघांत वाटायचं ठरलं असतं तर पहिल्या दुष्काळातच काय झालं असतं बघा. पाणी सगळ्यांचं, पण हिशेब ज्याचा त्याला!

आणि हाच गंडरादित्य स्वतःला महालक्ष्मीचा वरप्रसाद मिळालेला म्हणवून घ्यायचा, सगळ्या कोल्हापूर शिलाहारांचं ते बिरुदच होतं. म्हणजे राजाची स्वतःची भक्ती एका ठिकाणी घट्ट होती, तरी दानाचा हात तिघांकडे गेला, हे मी मुद्दाम सांगतो, कारण त्या राजांना काहीच श्रद्धा नव्हती असं वाटायला नको.

पण खरं सांगायचं तर दानलेखावरून गल्लीत शेजारी-शेजारी काय बोलायचे ते कळत नाही. लेख राजाचा, म्हणून त्यात राजाचं कौतुकच असणार. त्यामुळं मी पोरांना शिकवतो, लेख हातात आला की आधी बघायचं दान दिलंय कुणी. राजाच एकटा असला तर ते राजाचं धोरण, आणि दुसऱ्यांचे हात दिसले तर गोष्ट जरा खाली गावापर्यंत गेली.

इथं मग निंबदेव येतो. गंडरादित्याचाच सामंत, स्वतः जैन, त्यानं कोल्हापुरात बसदी म्हणजे जैन मंदिर बांधलं आणि धन्याच्या रूपनारायण या बिरुदावरून त्याला रूपनारायण बसदी म्हणायचे. त्याच्याच दुसऱ्या एका पार्श्वनाथ मंदिराचा ११३५ चा लेख आहे, त्यात कोल्हापूर, मिरज अशा गावांच्या व्यापाऱ्यांनी आपापल्या मालावर थोडं थोडं देणं त्या मंदिरासाठी ठरवून दिलंय. गेल्या भाषणाला मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, सर म्हणजे बाजारात माल विकला गेला की देवाचा वाटा आपोआप निघायचा? म्हटलं, हो बाळ, आणि तो देणाऱ्या सगळ्यांचा देव एकच होता असं लेखात कुठं लिहिलेलं नाही.