दोन झोन, बाहेरचं दार एकच

एका पोर्टलच्या AWS क्लाउडवरच्या रचनेचा नकाशा माझ्याकडे तपासायला आला होता. दिसायला देखणा होता. मुंबई रीजनचे दोन झोन, ap-south-1a आणि ap-south-1b. वर लोड बॅलन्सर, दोन्हीकडे ॲपचे सर्व्हर, खाली मल्टी-एझेड डेटाबेस. "एक झोन गेला तरी आपण चालू," टीम लीड म्हणाला.

पोर्टलवर फी भरली जायची, म्हणून मी पैशाचा प्रवास कागदावर बोटाने गिरवायला घेतला. 1b मधला सर्व्हर पेमेंट गेटवेशी बोलतो, तो बाहेर पडतो कुठून? नकाशात बाण थेट ढगात घुसलेला. याचं उत्तर चित्रात नसतं, राउट टेबलात असतं. उघडायला लावलं:

```
private-1a  0.0.0.0/0 → nat-A
private-1b  0.0.0.0/0 → nat-A
```

आतल्या सर्व्हरना इंटरनेटवर नेणारा नॅट गेटवे एकच, तोही 1a मध्ये. म्हणजे 1a गेला की 1b जिवंत राहणार, पण मुका.

स्टेजिंगवर 1b चा तो राउट काढून पाहिला. लॉगिन झालं, कारण डेटाबेस आतच. 'फी भरा' दाबलं आणि पान टाइमआउट होईपर्यंत फिरत राहिलं. लोड बॅलन्सर मात्र हिरवा, कारण तो ज्यावरून सर्व्हरची तब्येत पाहतो ते `/health` फक्त 200 परत करत होतं. एकजण म्हणाला, हेल्थ चेकमध्येच पेमेंट गेटवे तपासू. मी नको म्हटलं: तो समोरून बंद पडला तर आपले धडधाकट सर्व्हरही आजारी ठरतील. त्यासाठी वेगळा अलार्म बरा.

एकच नॅट का ठेवला, हे विचारल्यावर आधी खर्चाचं कारण आलं. खरं कारण मग निघालं: पेमेंट गेटवेने एकच आयपी मंजूर केला होता, त्या नॅटचा.

मग मी नेहमीचा प्रश्न टाकला, "तुम्ही स्वतः आत कसे शिरता?" खोलीत शांतता. पब्लिक सबनेटमध्ये, बाहेरून आत शिरण्यासाठी एक बॅस्टियन मशीन होतं, नकाशात नसलेलं. डेटाबेसभोवती ठळक चौकट होती, पण त्याच्या सिक्युरिटी ग्रुपमध्ये 5432 पोर्ट 10.0.0.0/16 साठी, म्हणजे आमच्या अख्ख्या खाजगी नेटवर्कसाठी, व्हीपीसीसाठी, उघडा. बॅस्टियन कुणाच्या हाती लागलं, तर डेटाबेसपर्यंत मध्ये एकही दार नव्हतं. उरला असता फक्त पासवर्ड. तिथे पत्त्यांच्या पट्ट्याऐवजी ॲपच्या सिक्युरिटी ग्रुपचा आयडी घातला. काम पाच मिनिटांचं. लगेच एक रिपोर्ट बंद पडला आणि तो कुठून चालायचा हेही कळलं: त्याच बॅस्टियनवरून, रोज रात्री.

दुसरा नॅट 1b मध्ये त्याच दिवशी उभा राहिला, पण राउट वळवता येईना. पेमेंट गेटवेच्या अर्जात आयपीसाठी एकच रकाना होता. आम्ही दोन्ही आयपी स्वल्पविराम देऊन लिहिले, अर्ज परत आला.