मी "घेते" म्हणाले होते

"ताई, ऑफर हातात आल्यावर पगार वाढवून कसा मागायचा? आणि थांबायचं कुठे?"

मागायचाच, याबद्दल माझं दुमत नाही. पहिल्या नोकरीत मी काहीच न बोलता सही केली आणि नंतर कळलं की शेजारच्या खुर्चीतल्या मुलाने फक्त एकदा विचारलं म्हणून त्याला वर्षाला चाळीस हजार जास्त मिळत होते. त्यामुळे मी तुम्हाला घाबरवते, मागूच नका म्हणते, असं कुणी म्हटलं की मला खरंच वाईट वाटतं. मी तसं कधीच म्हटलेलं नाही. मी म्हणते ते थांबण्याबद्दल, आणि ते का म्हणते हे आज एकदा नीट सांगून टाकते.

2022 चा मार्च. पुण्यात आयटीमध्ये तेव्हा माणसं मिळत नव्हती, नोटीस पिरियडमध्ये असलेल्या लोकांकडे तीन-तीन ऑफर असायच्या. मी टेस्टिंगमध्ये, सहा वर्षांचा अनुभव, सीटीसी दहा लाख ऐंशी हजार. नव्या कंपनीची ऑफर आली पंधरा लाखांची, पण त्यात साडेतेरा फिक्स्ड आणि दीड व्हेरिएबल. व्हेरिएबल पूर्ण मिळेलच असं नसतं, म्हणून मी एकूण आकड्याकडे न बघता फिक्स्डवर बोलायचं ठरवलं. हे बरोबरच केलं, आजही तेच करीन.

एचआरच्या मुलीने बुधवारी फोन केला तेव्हा मी लगेच हो-नाही म्हटलं नाही. "लेटर पाठवा, ब्रेकअप बघते आणि उद्या बोलते" एवढंच. वेळही हीच असते बघा, त्यांनी तुम्हाला निवडलंय आणि तुम्ही अजून हो म्हटलेलं नाही, त्या दोन-तीन दिवसांत तुमच्या बोलण्याला जेवढं वजन असतं तेवढं ना आधी असतं ना नंतर. इंटरव्ह्यूच्या पहिल्या फेरीत भांडून उपयोग नसतो आणि सही झाल्यावर तर विषयच संपला.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "रोल मला आवडलाय, टीमशी बोलून छान वाटलं. फिक्स्ड पंधरा झालं तर मी लगेच होकार देते." बस, इतकंच. घराचा हप्ता, बाबांचं आजारपण यातलं काहीही मध्ये आणलं नाही, कारण तिला तिच्या मॅनेजरला आणि फायनान्सला सांगायला आकडा हवा असतो आणि तो दिल्यावर हा उमेदवार येईल याची खात्री हवी असते. नंतर मी गप्प बसले. शुक्रवारी सकाळी अकराला तिचा फोन आला, "साडेचौदा फिक्स्ड करून घेतलंय, या पदाच्या पगाराच्या बँडच्या वर जाऊन स्पेशल अप्रूव्हल काढलंय, यापुढे नाही होणार." मी म्हटलं, "चालेल, घेते."

एका झटक्यात फिक्स्ड एक लाखाने वाढलं होतं. दुपारी रिवाइज्ड लेटर आलं आणि मी, लेटरवर सही न करता, आधी जुन्या ऑफिसात राजीनामा टाकला. सही सोमवारी निवांत करू असं वाटलं.

शनिवारी रात्री एका मित्राचा फोन. त्याच्या ओळखीतल्या कुणाला त्याच कंपनीत फिक्स्ड सोळा मिळाले होते, वर जॉइनिंग बोनस. झोप लागली नाही. साडेअकराला उठून लॅपटॉप उघडला आणि मेल लिहिला, अगदी सभ्य भाषेत, की मार्केटचा विचार करता फिक्स्ड सोळा आणि एक लाख जॉइनिंग बोनसचा विचार व्हावा. दोनदा वाचला आणि पाठवला.

सोमवारी काही नाही. मंगळवारी मी मेसेज केला, निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. बुधवारी चारच्या सुमारास फोन आला. तीच मुलगी, पण आवाज सपाट. "मॅनेजरनी पुढे जायचं नाही असं ठरवलंय. शुक्रवारी तुम्ही हो म्हणाला होतात ना, म्हणून मी अप्रूव्हल काढून आणलं होतं." मी म्हटलं, साडेचौदालाच येते, आत्ता सही करते. ती म्हणाली, "सॉरी मॅम." मी कँटीनच्या जिन्यात उभी होते, खाली कुणीतरी ताटं आपटत होतं, एवढंच आठवतं.

राजीनामा मागे घ्यायला गेले तर माझ्या जागी माणूस घ्यायची मंजुरी येऊन चुकली होती. साठ दिवसांची नोटीस. शेवटच्या आठवड्यात जी ऑफर मिळाली ती पावणेतेरा फिक्स्डची, म्हणजे पहिल्या कंपनीने न मागता दिलेल्या आकड्यापेक्षाही कमी, आणि तिथे मी एक शब्द बोलले नाही. ते धाडसच उरलं नव्हतं.

नंतर मी हिशोब मांडला. फिक्स्डमध्ये एक लाख वाढले की बेसिक चाळीस टक्के धरला तर कंपनीचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून सहा हजार सातशे त्यातच मोजलेले असतात. उरलेल्याचे महिन्याला जवळपास सात हजार आठशे, त्यातून आपला पीएफ, मग वरच्या स्लॅबचा टॅक्स, हातात जेमतेम पाच हजार. म्हणजे शनिवारी रात्री मी जो दीड लाख जास्त मागितला तो महिन्याला साडेसात हजारांचा होता. हा हिशोब मेल पाठवायच्या आधी पंधरा मिनिटांत झाला असता.

आता तुम्ही म्हणाल, चूक मागण्याची की राजीनाम्याची? मी स्वतःशी यावर खूप भांडलेय. कधी वाटतं सही आधी झाली असती तर मी तो मेलच पाठवला नसता. कधी वाटतं कंपन्या तरी कुठे शब्द पाळतात, लोक नोटीस देऊन मोकळे झाल्यावरही ऑफर परत घेतात, मग एका मेलसाठी मलाच का शिक्षा? हे अजूनही मला अन्यायाचं वाटतं. पण त्या मुलीने माझ्या शब्दावर वर जाऊन भांडण केलं होतं आणि मी तिला खोटं पाडलं, हेही तितकंच खरं आहे.

म्हणून मी सांगते: तुमचा आकडा आधी स्वतःशी ठरवा, तो किंवा त्याच्या जवळपासचा मिळाला आणि तुम्ही हो म्हणालात की त्या ऑफरवर पुन्हा बोलू नका, कुणाचाही फोन येऊ दे. समोरचा "यापुढे नाही" म्हणाला तर पटत नसेल तर नाही म्हणा, पण हो म्हणून परत दार वाजवू नका. आणि सही केलेलं लेटर त्यांना पोचल्याशिवाय राजीनामा नको.

आणि तरीही. मागच्या वर्षी माझ्या टीममधल्या एका मुलीला मी हेच सांगितलं, तिने ऐकलं नाही, हो म्हटल्यावर तीन दिवसांनी पुन्हा मागितले आणि तिला मिळाले. ती पेढे घेऊन आली होती. मी पेढा खाल्ला, तिचं अभिनंदन केलं, आणि घरी येऊन माझा तो शनिवारचा मेल परत उघडून वाचला. भाषा चांगली आहे, आकडाही काही अवाजवी नाही. वरची तारीख तेवढी शुक्रवारनंतरची आहे.