मुक्तिनाथ यात्रा: बाबांचं आधार चाललं, आईचं चालणार नव्हतं

कोथरूडमधल्या आमच्या भजनी मंडळाची मुक्तिनाथ-पशुपतिनाथ यात्रा ठरली. माणसं चौदा, बहुतेक साठीच्या पुढची. नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही, त्यामुळे सगळे निर्धास्त होते. टूरवाल्यांनी सगळ्यांच्या आधारच्या झेरॉक्स मागवल्या. माझे बाबा ७१ वर्षांचे, आई ६३ची. दोघांच्याही झेरॉक्स मी देऊन टाकल्या.

कागद पुन्हा तपासताना माझ्या लक्षात आलं की विमानाने नेपाळला जायचं तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. आधार चालतं ते फक्त ६५ वर्षांवरच्यांना आणि १५ वर्षांखालच्यांना. म्हणजे एकाच घरातले बाबा जाऊ शकत होते आणि आई काउंटरवरून परत फिरली असती. मंडळातल्या आणखी चार काकूंची हीच गत होती, कारण आपल्याकडे नवराबायकोत पाच-सात वर्षांचं अंतर असतंच. मी टूरवाल्यांना फोन केला तर ते म्हणाले, "ताई, आधार सगळीकडे चालतं." याचा मला खरंच राग आला. ज्येष्ठांना परत पाठवलं तर यात्रा तर जातेच, मन किती खट्टू होतं!

आईकडे पासपोर्ट नाही. मतदार कार्ड सापडलं, पण त्यावर नाव 'कुसुमबाई' आणि आधारवर 'कुसुम'. शिवाय जुन्या लॅमिनेशनखाली चेहरा पार पुसट झालेला. नाव दुरुस्त करायला फॉर्म ८ भरता येतो, पण बीएलओची पडताळणी होऊन नवं कार्ड हातात यायला किती दिवस लागतील, याचा भरवसा नव्हता. मग उलटा विचार केला. कार्ड बदलण्यापेक्षा तिकीट बदलणं सोपं. ग्रुप बुकिंगमध्ये जागा आधी धरतात आणि नावं नंतर देतात. आमची नावं अजून गेलेली नव्हती. मी यादीत आईचं नाव कार्डावर इंग्रजीत आहे तसंच, 'बाई'सकट, लिहून घेतलं. फोटोसाठी मात्र फॉर्म ८ भरलाच, त्यात नव्या फोटोसह बदली कार्ड मागितलं. ते निघायच्या नऊ दिवस आधी स्पीड पोस्टाने आलं.

मुक्तिनाथ अन्नपूर्णा संरक्षित क्षेत्रात येतं, तिथे वेगळं परमिट लागतं. भारतीयांना ते सवलतीत, १००० नेपाळी रुपयांत मिळतं. त्यासाठी दिलेलं नावही मी तेच ठेवलं. एका काकांच्या परमिटच्या यादीत आडनाव आधी आणि तिकिटावर शेवटी होतं, तेही पुण्यातच सरळ करून घेतलं.

दिल्लीच्या काउंटरवरच्या मुलीने आईचं कार्ड हातात घेतलं, तिकिटावरच्या नावाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं आणि विचारलं, "कुसुमबाई आपही हैं?" आईने मान हलवली आणि बोर्डिंग पास पदराच्या टोकात गुंडाळून धरला.